सिम चालू, रिचार्ज चालू, तरी ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’: दोष सिमचा, फोनचा का सेटिंगचा, कसं शोधायचं

फोनवर Emergency calls only असं आलं की बहुतेक जण दोनपैकी एक काम करतात, एकतर सिम काढून शर्टाला पुसून परत घालतात नाहीतर सरळ कंपनीच्या गॅलरीत जाऊन नवीन सिम घेऊन येतात. कधी पहिल्यानं जमतं, कधी दुसऱ्यानं, पण नेमकं कशानं जमलं ते कळत नाही, आणि ज्यांचं कशानंच जमत नाही ते कोल्हापुरात राजारामपुरीत दुकानाच्या काउंटरवर फोन ठेवून "बोर्ड गेलाय का बघा की" म्हणतात. मी त्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो. बोर्ड गेलेले फोन येतात, नाही असं नाही, पण त्याआधी घरी बसून, एक रुपया न घालवता, दोष नेमका कुठल्या बाजूला आहे हे जवळजवळ पक्कं करता येतं. ते कसं, तेवढंच इथं सांगतो.

आधी तो मेसेज काय म्हणतोय ते समजून घ्या

No service आणि Emergency calls only हे दोन वेगळे मेसेज आहेत, लोक दोन्हीला "रेंज गेली" म्हणतात आणि तिथंच घोळ होतो. No service म्हणजे फोनला आजूबाजूला कुठलाच टॉवर सापडत नाही. Emergency calls only म्हणजे टॉवर सापडलाय, फोन त्याचं ऐकतोय पण, फक्त त्या टॉवरवर तुमची नेहमीची नोंद झालेली नाही, म्हणून ११२ सारखा आणीबाणीचा कॉल सोडून बाकी काही करता येणार नाही. आणि हा टॉवर तुमच्याच कंपनीचा असेल असं काही नाही, आणीबाणीसाठी फोन कुठल्याही कंपनीच्या टॉवरला चिकटून बसतो.

म्हणजे मेसेजमधनंच अर्धी माहिती मिळाली. फोन थोडंतरी ऐकतोय. आता प्रश्न एवढाच उरतो की नोंद का झाली नाही, आणि त्याची कारणं ढोबळमानानं तीन, एक म्हणजे तुमच्या कंपनीचा टॉवर त्या जागी नाहीच किंवा फोनच्या सेटिंगमुळं फोन तिकडं बघतच नाही, दुसरं म्हणजे फोननं नोंद मागितली आणि नेटवर्कनं नाही म्हटलं, तिसरं म्हणजे फोननं मागितली पण त्याची मागणी टॉवरपर्यंत पोचलीच नाही. पुढं जे काही करायचंय ते यातलं कुठलं ते ओळखण्यासाठी.

एक अपवाद लक्षात ठेवा. बऱ्याच फोनमध्ये सिम वाचलंच गेलं नाही किंवा सिमला पिन लावलेला असून तो टाकला नाही तरी लॉक स्क्रीनवर हीच ओळ येते. त्यामुळं ओळीच्या आसपास No SIM किंवा SIM locked असं काही बारीक अक्षरात आहे का ते बघा. सिमचा पिन हा स्क्रीनलॉकचा पिन नव्हे, तो वेगळा असतो, आणि रात्री बॅटरी संपून फोन बंद पडला, सकाळी चार्जिंगला लावल्यावर चालू झाला की तो पिन मागतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काही कळत नाही, ते बॅक दाबतात आणि दिवसभर इमर्जन्सी. पिन तीनदा चुकला की सिम पीयूके कोड मागतं, तो कंपनीकडून मिळतो, आणि पीयूके दहा वेळा चुकला की ते सिम कायमचं गेलं. अंदाजानं आकडे मारत बसू नका.

आणि हो, ११२ लावून "लागतोय का बघू" असली टेस्ट करू नका. तिकडं खरोखरची माणसं फोन उचलतात.

फोन उघडायच्या आधीच्या दोन गोष्टी

पहिली, त्याच जागी उभा असलेला आणि त्याच कंपनीचं सिम असलेला दुसरा फोन बघा. त्याच कंपनीचंच हवं, शेजारच्याच्या दुसऱ्या कंपनीच्या रेंजवरून आपल्याला काहीच कळत नाही. गगनबावड्याच्या घाटात, राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात, आंबोलीकडं जाताना, एका कंपनीचा टॉवर आहे आणि तुमच्याचा नाही असं सर्रास होतं, तिथं हा मेसेज म्हणजे बिघाड नव्हेच, फोन बरोबरच सांगतोय. सिटीत पण बेसमेंटमधल्या पार्किंगला होतं. त्या दुसऱ्या फोनला पण तेच दिसत असेल तर टॉवरच बंद असेल, थांबा. त्याला फुल रेंज आणि तुम्हाला इमर्जन्सी, तरच पुढं वाचा.

दुसरी, फोन पूर्ण बंद करून मिनिटभरानं चालू करा. एअरप्लेन मोड लावून काढणं आणि पॉवर ऑफ करणं यात इथं फरक पडू शकतो. नेटवर्कनं काही ठराविक कारण देऊन सिमला नकार दिला की फोन ते सिम बाद धरतो आणि बंद होईपर्यंत किंवा सिम बाहेर काढेपर्यंत परत विचारतच नाही. मग तिकडं कंपनीनं पाच मिनिटात चूक दुरुस्त केली तरी तुमचा फोन गपगुमान इमर्जन्सी दाखवत बसतो. "सिम पुसलं आणि चालू झालं" याच्या मागं बऱ्याचदा पुसणं नसून काढून घालणं असतं.

खरी चाचणी: अदलाबदल

सगळ्या लेखात एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. तुमचं सिम दुसऱ्याच्या चालू फोनमध्ये घाला आणि दुसऱ्याचं चालू सिम, शक्यतो तुमच्याच कंपनीचं, तुमच्या फोनमध्ये त्याच खाच्यात घाला. दोन्ही वेळा दोन-तीन मिनिटं थांबा, लगेच नाही म्हणू नका, पहिल्यांदा नेटवर्क शोधायला फोन वेळ घेतो. ज्याचं सिम घेतलं त्याला आधी सांगा, बँकेची आणि यूपीआयची ॲप सिम बदललेलं बघून परत व्हेरिफिकेशन मागतात, नंतर तो तुमच्या नावानं ओरडायला नको. ज्यांच्याकडं ई-सिम आहे त्यांनी फक्त दुसरा अर्धा भाग करा, ई-सिम उगाच डिलीट करून दुसरीकडं हलवायच्या नादाला लागू नका.

तुमचं सिम दुसऱ्या फोनमध्ये पण इमर्जन्सी दाखवतंय, तर फोन सुटला, दोष सिमचा किंवा कंपनीकडल्या नोंदीचा. तुमचं सिम तिकडं चाललं आणि दुसऱ्याचं सिम तुमच्या फोनमध्ये मेलं, तर दोष फोनचा. आणि तिसरी शक्यता, जी ऐकून लोक गोंधळतात, तुमचं सिम तिकडं चालतंय आणि दुसऱ्याचं सिम तुमच्या फोनमध्ये पण चालतंय, फक्त तुमचं सिम तुमच्या फोनमध्ये चालत नाही. तेव्हा ना सिम खराब ना फोन, दोघांच्या मधली एखादी सेटिंग अडकलीय. हीच केस सगळ्यात जास्त चुकीच्या ठिकाणी पैसे घालवायला लावते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

मामांचा फोन, कागलपासून मुका

माझे मामा चंदगड तालुक्यात शिनोळीच्या बाजूला राहतात, त्यांना बाजाराला बेळगाव जवळ, कोल्हापूर लांब. परवा एसटीनं कोल्हापूरला आले आणि सीबीएसवर उतरून दुसऱ्याच्या फोनवरून मला फोन केला. "आरं, माझं सिम मेलंय म्हणत्यात सगळी, नवीन घ्याय लागतंय म्हणं."

मी विचारलं, "मामा, सकाळी घरातनं निघताना चालू होतं न्हवं?"

"व्हतं की. निपाणीत मामीला फोन लावला की मी."

हा प्रश्न तुम्ही पण स्वतःला विचारा, कुठपर्यंत चालू होतं. मेलेलं सिम गाव बघून मरत नाही. बेळगावहून येताना निपाणी, कोगनोळीपर्यंत कर्नाटक, मग कागलपासून महाराष्ट्र. फोन नेमका हद्द ओलांडल्यावर गेला होता.

तरी अंदाजावर न राहता अदलाबदल केली. मामांचं सिम भाचीच्या फोनमध्ये घातलं, मिनिटभरात फुल रेंज. भाचीचं सिम, कंपनी तीच, मामांच्या फोनमध्ये घातलं, ते पण चाललं. परत मामांचं सिम मामांच्या फोनमध्ये, परत इमर्जन्सी. म्हणजे तिसरी शक्यता. मग सेटिंगमध्ये मोबाईल नेटवर्क, त्यात नेटवर्क ऑपरेटर्स उघडलं, तर Select automatically बंद, आणि हातानं कर्नाटकचं नेटवर्क निवडलेलं.

झालं असं होतं की बेळगावात कुणीतरी दुकानदारानं रेंज नीट यावी म्हणून ऑटोमॅटिक काढून तिथलं नेटवर्क पक्कं करून दिलं होतं. मामांच्या घरापर्यंत कर्नाटकच्या टॉवरची रेंज पोचते, त्यामुळं घरी काही कळलंच नाही. कंपनी एकच असली तरी महाराष्ट्र-गोवा हे एक सर्कल आणि कर्नाटक हे दुसरं, दोन्हीकडच्या नेटवर्कचा कोड वेगळा असतो. ऑटोमॅटिक असताना फोन हद्दीवर आपोआप बदलून घेतो. हातानं निवडलं की फोन हट्टाला पेटल्यासारखा तेच शोधत राहतो, कोल्हापुरात ते मिळत नाही, आणि समोर आपल्याच कंपनीचा महाराष्ट्राचा टॉवर असून त्याच्याकडं जात नाही. भाचीचं सिम चाललं कारण बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ही निवड प्रत्येक सिमसाठी वेगळी लक्षात ठेवली जाते. फोन बंद-चालू करून हे जात नाही, कारण बंद-चालू केल्यावर पण ती निवड तशीच राहते.

Select automatically चालू केलं, फोननं थोडा वेळ शोधलं, आणि रेंज आली. मामांनी लगेच मामीला फोन लावला, आणि सिमवाल्या दुकानात जाणार होते ते वाचलेले पैसे मोजत बसले.

तुमच्या फोनमध्ये ही सेटिंग शोधायची तर, सॅमसंगला Settings, Connections, Mobile networks, Network operators असा रस्ता आहे, बाकी कंपन्यांत नावं थोडी इकडंतिकडं, पण सिम किंवा मोबाईल नेटवर्कच्या आत Network operators नाहीतर Automatically select network असं काहीतरी असतं. दोन सिम असतील तर योग्य सिम निवडून आत जा, बरेच जण चालू सिमची सेटिंग बघून "ऑटोमॅटिकच आहे की" म्हणतात.

ऑटोमॅटिक आधीपासूनच चालू असेल तर थोडा वेळ बंद करून यादी शोधायला लावा आणि यादीतून स्वतःची कंपनी निवडून बघा. याला एक कारण आहे. कुठल्या तरी नेटवर्कनं तुमच्या सिमला "तुला इथं परवानगी नाही" म्हणून सांगितलं की ते नाव सिमवरच्या एका मनाई यादीत लिहिलं जातं, आणि ऑटोमॅटिक मोडमध्ये फोन त्या नेटवर्ककडं परत जात नाही. आपलंच नेटवर्क चुकून त्या यादीत अडकलं असेल तर हातानं निवडून एकदा नोंद झाली की ते नाव पुसलं जातं. यादीत कधीकधी नावाऐवजी 404 किंवा 405 नं सुरू होणारे आकडे दिसतात, घाबरू नका, ते भारतातल्या नेटवर्कचेच कोड आहेत. काम झालं की ऑटोमॅटिक परत चालू करायला विसरू नका, नाहीतर तुमचे पण मामा होतील.

टू जी, थ्री जी, फोर जीची अडचण

याच तिसऱ्या शक्यतेत दुसरी सेटिंग येते, नेटवर्क मोड. सेटिंगमध्ये Network mode किंवा Preferred network type नावानं असते आणि यात फोन कुठल्या पिढीचं नेटवर्क शोधेल ते ठरतं. जिओचं नेटवर्क सुरुवातीपासून फोर जी आणि आता फाईव्ह जी, त्यांच्याकडं टू जी-थ्री जी नाहीच. बॅटरी वाचवायची म्हणून कुणी 2G only करून ठेवलं की जिओच्या सिमला आपला टॉवर दिसणारच नाही, फोन दुसऱ्या कंपनीच्या टू जी टॉवरवर इमर्जन्सीपुरता बसून राहील. उलट बाजूनं, एअरटेलनं थ्री जी केव्हाच बंद केलंय, त्यामुळं 3G only वर ठेवलेला फोन एअरटेलला पण कोरडा. सरळ 5G/4G/3G/2G (auto connect) किंवा तुमच्या फोनमध्ये जो सगळ्यात लांबलचक पर्याय असेल तो निवडा.

काही फोनमध्ये डायल पॅडवर खालचा कोड टाकला की टेस्टिंगचा मेन्यू उघडतो, त्यात फोन इन्फर्मेशनमध्ये गेलं की Voice service समोर In service, Emergency only नाहीतर Out of service असं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि नेटवर्कचा प्रकार पण तिथं दिसतो. सॅमसंगमध्ये हा बहुतेक चालत नाही. नुसतं बघा, बाकीची बटणं दाबू नका.

```
*#*#4636#*#*
```

जुने दोन सिमचे फोन असतील तर खाच्याचा पण घोळ असतो. एका खाच्यात फोर जी आणि दुसऱ्यात फक्त टू जी अशी व्यवस्था असलेले लई फोन बाजारात होते आणि अजून लोकांच्या हातात आहेत. अशा दुसऱ्या खाच्यात जिओ घातलं की कायम इमर्जन्सी. दोन्ही सिमची जागा बदलून बघा, दहा सेकंदाचं काम. दोष सिमबरोबर हलला का खाच्यातच राहिला, हे त्यातनं आपोआप कळतं. खाच्यातच राहिला आणि फोन नवा असेल तर सिमच्या खाच्याच्या पिना वाकल्यात किंवा कापून छोटं केलेलं सिम नीट बसत नाही.

बाहेरच्या देशातून कुणी भावानं-भाच्यानं पाठवलेला फोन असेल तर तो आपल्याकडच्या सगळ्या बँडवर, म्हणजे नेटवर्क ज्या लहरींच्या पट्ट्यांवर चालतं त्यांच्यावर, चालेल असं नाही. जिओ फोर जीसाठी ३, ५ आणि ४० हे बँड वापरतं, बीएसएनएलच्या नव्या फोर जीमध्ये २८ आणि १ आहेत. फोनमध्ये यातले थोडेच असतील तर सिटीत एका गल्लीत चालतो आणि पुढच्या गल्लीत इमर्जन्सी. फोनच्या मॉडेल नंबरवरून बँडची यादी कंपनीच्या साईटवर मिळते. हे सेटिंगनं सुटत नाही.

या सगळ्यातनं काही नाही झालं तर Reset network settings. त्यानं फोटो-कॉन्टॅक्ट जात नाहीत, पण वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथची जोडलेली यंत्रं जातात, घरचा वायफाय पासवर्ड आधी लिहून ठेवा. फॅक्टरी रीसेट लगेच करू नका, या दुखण्याला त्याचा उपयोग फार क्वचित होतो आणि नुकसान नक्की होतं.

सिम सगळीकडंच इमर्जन्सी दाखवतंय

आता पहिली शक्यता. तुमचं सिम दुसऱ्या फोनमध्ये पण तसंच. इथं आधी एक समज काढून टाका, रिचार्ज संपल्यानं सहसा हा मेसेज येत नाही. रिचार्ज संपला तर कॉल जात नाही, नेट बंद होतं, पण रेंजच्या दांड्या दिसत राहतात, कारण सिमची नोंद नेटवर्कवर असतेच. ते सिम महिनोन् महिने ड्रॉवरमध्ये पडून होतं का ते मात्र आठवा. ट्रायच्या नियमानं प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर मुदत वाढते. वडिलांचा जुना नंबर जपून ठेवलाय म्हणणाऱ्यांचा घात इथंच होतो.

मग दुसऱ्या फोनवरून स्वतःच्या नंबरला कॉल करा आणि नीट ऐका. "बंद आहे" किंवा "कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर" ऐकू आलं तर नंबर कंपनीकडं जिवंत आहे, प्लास्टिकचं सिम खराब झालेलं असायची शक्यता जास्त. "अस्तित्वात नाही" किंवा "सेवेत नाही" ऐकू आलं तर नंबरच बंद झालाय, केवायसी अडकली असेल, पोर्टिंगमध्ये गडबड असेल, गॅलरीत आधार घेऊन जावंच लागेल. नुकतंच फोर जी-फाईव्ह जीला सिम बदलून घेतलं असेल तर नवीन चालू झालं की जुनं मरतं, आणि जुनंच चुकून फोनमध्ये राहिलेलं असतं, असं पण बघितलंय. बीएसएनएलची जुनी सिमं फोर जीला चालत नाहीत, ती बदलूनच घ्यायला लागतात.

आणि तिसरा आवाज, रिंग. तुमचा फोन हातात, त्यावर इमर्जन्सी, आणि पलीकडं रिंग जातेय. कॉल फॉरवर्ड लावलेला असेल तर असं होऊ शकतं, पण लावलेला नसेल तर तुमचा नंबर कुणाच्या तरी दुसऱ्या सिमवर चालू आहे. म्हणजे तुमच्या नावावर कुणीतरी डुप्लिकेट सिम काढलंय आणि तुमचे ओटीपी तिकडं चाललेत. इथं उद्या बघू म्हणायचं नाही. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेच्या नंबरला फोन करून नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड थांबवा, कंपनीच्या कस्टमर केअरला सिम ब्लॉक करायला सांगा, आणि पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच तक्रार द्या, जितक्या लवकर द्याल तितकी पैसे मधल्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. रिंग न जाता पण हे होऊ शकतं, चोर फोन बंद ठेवतो. म्हणून सिटीत चांगल्या रेंजमध्ये बसलेले असताना, काहीही न करता, अचानक इमर्जन्सी आलं आणि त्याआधी "तुमची सिम बदलण्याची विनंती मिळाली" असा मेसेज येऊन गेला असेल तर आधी हाच संशय घ्या.

गॅलरीत नवीन सिम घेतलंत की पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत, तसा नियमच आहे, याच चोरीला आळा बसावा म्हणून. कॉल चालतात, ओटीपी येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी "अजून सिम खराबच आहे" म्हणून परत गॅलरीत भांडायला जाऊ नका.

फोनच नोंद होऊ देत नाही

शेवटची बाजू. कुठलंही सिम घाला, तुमच्या फोनमध्ये इमर्जन्सीच. डायल पॅडवर हे टाका.

```
*#06#
```

आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर येतो, १५ आकडी, दोन सिमच्या फोनला दोन. तो रिकामा आला, सगळी शून्यं आली किंवा बॉक्सवरच्या नंबरशी जुळला नाही तर फोनचं सॉफ्टवेअर मारताना कुणीतरी मोडेमचा भाग बिघडवलाय किंवा नंबर बदललाय. नंबर दिसतोय आणि जुळतोय पण, तर तो ब्लॉक नाही ना ते बघा. KYM लिहून एक स्पेस देऊन १५ आकडी नंबर 14422 ला एसएमएस करा, अर्थात दुसऱ्या चालू फोनवरून. उत्तरात ब्लॅक लिस्टेड, डुप्लिकेट किंवा ऑलरेडी इन यूज असं आलं तर तो फोन वापरायचा नाही.

सेकंडहँड फोन आठवडाभर नीट चालून मग अचानक सगळ्या सिमला इमर्जन्सी दाखवायला लागला की मला पहिला संशय याचाच येतो. मूळ मालकानं चोरीची तक्रार करून सरकारच्या संचार साथीवरून, म्हणजे चोरीचे फोन ब्लॉक करणाऱ्या सीईआयआरच्या यंत्रणेतून, फोन ब्लॉक केला की देशातल्या सगळ्या कंपन्यांचं नेटवर्क त्या फोनला नकार देतं, एका कंपनीचं नव्हे. ही सोय मे २०२३ पासून सगळ्या देशात आहे. ब्लॉक काढणं फक्त ज्यानं केलं त्याच्या हातात. कुणी "दोन हजारात नंबर बदलून चालू करून देतो" म्हणालं तर उठून चालायला लागा, आयएमईआय बदलणं हा गुन्हा आहे आणि फोन तुमच्या हातात सापडणार. ज्याच्याकडनं घेतला त्याच्याकडं बिल घेऊन जा, बिल नसेल तर पुढच्या वेळी बिलाशिवाय घेऊ नका.

आयएमईआय स्वच्छ आहे, तरी कुठलंच सिम चालत नाही, मग हार्डवेअर. इथं पण आत उघडायच्या आधी एक छान टेस्ट आहे. ऑटोमॅटिक बंद करून नेटवर्क शोधायला लावा. यादी रिकामी आली तर फोनला ऐकूच येत नाही. यादीत दोन-तीन कंपन्यांची नावं व्यवस्थित आली पण निवडल्यावर नोंद होत नाही, Couldn't connect नाहीतर तसलंच काहीतरी येतं, तर ऐकू येतंय पण बोलता येत नाही. रंकाळ्यावर लांबनं हाक मारणाऱ्याचा आवाज आपल्याला येतो पण आपला घसा बसलाय, तसं. टॉवरचा सिग्नल जोरकस असतो म्हणून फोनला ऐकू जातो, फोनचा उलटा सिग्नल लई बारीक, त्यात सिग्नल बाहेर पाठवणारा भाग किंवा अँटेनाची वायर कमजोर झाली की मागणी टॉवरपर्यंत जातच नाही. पक्कं करायचं तर टॉवरच्या जवळ मोकळ्या जागी जाऊन दोन-चार मिनिटं थांबा. तिथं नोंद झाली आणि घराकडं वळल्यावर परत गेली, तर फोनची पाठवायची ताकद गेलीय एवढं नक्की.

हे कधी होतं ते पण आठवा. डिस्प्ले बदलून आणल्यावर लगेच सुरू झालं असेल तर आतली अँटेनाची बारीक वायर, खालच्या छोट्या बोर्डापासून वरच्या बोर्डापर्यंत जाणारी, बसवायची राहिलीय किंवा अर्धवट बसलीय, ज्यानं डिस्प्ले बसवला त्याच्याकडंच परत जा, त्यानं फुकट करून दिलं पाहिजे. पावसात भिजल्यावर सुरू झालं असेल तर चार्जिंग पोर्ट असलेल्या त्याच खालच्या बोर्डावर गंज बघायला सांगा, तो बोर्ड बऱ्याच मॉडेलला वेगळा मिळतो आणि स्वस्त असतो. पडल्यावर झालं असेल तर मुख्य बोर्डावरच्या आयसीपर्यंत प्रकरण जाऊ शकतं, आणि तिथं कोल्हापुरात असो का पुण्यात, आधी अंदाजे खर्च विचारून, फोनच्या आजच्या किमतीशी लावून मगच हो म्हणा. दुकानदाराला नुसतं "रेंज येत नाही" सांगू नका. "सिम दुसऱ्या फोनमध्ये चालतंय, दुसरी सिमं यात चालत नाहीत, आयएमईआय बरोबर आहे, सर्चमध्ये कंपन्यांची नावं येतात पण नोंद होत नाही" एवढं सांगितलं तर तो थेट अँटेनाच्या वायरीपासून सुरुवात करेल, आणि वायर न तपासता "बोर्ड बदलायला लागतोय" म्हणाला तर फोन परत मागा.